फक्त ऑफिसपुरता बोगदा

"अहो, व्हीपीएन लावला की माझा प्रिंटर मरतो, आणि काढला की टॅली मरतं. दोन्ही एकदम चालेल असं काही करता येईल का?"

हिशेब विभागातल्या आमच्या एका ताईंचा हा फोन महिनाअखेरीच्या संध्याकाळी आला. ऑफिस पुण्यात, ताई साताऱ्याहून घरून काम करणाऱ्या. टॅलीचा सर्व्हर आणि सगळ्या फायली ऑफिसात, प्रिंटर मात्र त्यांच्या टेबलाशेजारी. व्हाउचर छापायचं झालं की त्या व्हीपीएन बंद करत, छापत, पुन्हा सुरू करत, आणि तेवढ्यात टॅलीची जोडणी तुटलेली असे. दिवसातून वीसएक वेळा हा खेळ चालायचा. शिवाय व्हीपीएन चालू असताना व्हिडिओ कॉल अडखळायचा, तोही घरी चांगली फायबरची लाइन असून. नेटवर्क सांभाळण्याचं काम माझ्याकडे असल्यामुळे हे दुखणं माझं होतं, आणि ते मी आधीच ओळखायला हवं होतं.

व्हीपीएन म्हणजे इंटरनेटच्या सार्वजनिक रस्त्याखालून काढलेला खासगी बोगदा. लॅपटॉपवरून निघालेलं पाकीट कुलूपबंद होऊन बोगद्यात शिरतं आणि ऑफिसच्या टोकाला उघडतं. आम्ही त्यासाठी वायरगार्ड वापरतो. जेसन डोननफेल्ड यांनी तो लिहिला आणि मार्च २०२० पासून तो लिनक्सच्या गाभ्याचाच भाग झाला. विंडोज, अँड्रॉइड, आयफोन, सगळीकडे तो मोफत मिळतो. त्याची खूबी अशी, की सगळी मांडणी आठ-दहा ओळींच्या एका साध्या फायलीत मावते. बोगद्यात काय शिरावं आणि काय बाहेरच राहावं, हे त्यातली एकच ओळ ठरवते. ती ओळ मी दोन वर्षांपूर्वी घाईत लिहिली होती:

```
AllowedIPs = 0.0.0.0/0
```

याचा अर्थ, झाडून सगळं बोगद्यात. टॅली बोगद्यात, फायली बोगद्यात, आणि ताईंनी उघडलेली बातम्यांची साइट, बँकेचं पान, यूट्यूब, विंडोजचे अपडेट हेही बोगद्यात. सगळं आधी पुण्याला यायचं आणि आमच्या ऑफिसच्या लाइनवरून बाहेर पडायचं.

यात लाइनचं नुकसान दुप्पट होतं, आणि ते पटकन लक्षात येत नाही. समजा घरून काम करणाऱ्या एकाने चार एमबीपीएसचा व्हिडिओ लावला. तो व्हिडिओ आधी इंटरनेटवरून ऑफिसात उतरतो, तेव्हा आमच्या डाउनलोडमधले चार जातात. मग तोच ऑफिसातून साताऱ्याला चढवला जातो, तेव्हा अपलोडमधलेही चार जातात. अशी वीस माणसं धरली तर ऐंशी येताना आणि ऐंशी जाताना. आमची लाइन दोन्ही दिशांना शंभरची. म्हणजे ऑफिसात बसलेल्या सगळ्यांना मिळून वीस उरले, आणि ज्या वाहतुकीशी ऑफिसचा काडीचा संबंध नव्हता तिने बाकीची लाइन व्यापली. २०२० च्या लॉकडाउनमध्ये जगभरच्या कंपन्यांना याच गणिताने गाठलं. तेव्हा मायक्रोसॉफ्टनेही आपल्या ग्राहकांना टीम्ससारख्या सेवांची वाहतूक बोगद्याबाहेर काढायला सांगितलं होतं. हे बाहेर काढणं म्हणजेच स्प्लिट टनेलिंग: ऑफिसचं तेवढं बोगद्यातून, बाकीचं घरच्या लाइनवरून सरळ.

प्रिंटर मरण्याचं कारण मात्र वेगळं होतं. ते समजण्यासाठी लॅपटॉप रस्ता कसा निवडतो हे पाहावं लागेल, आणि ते एकदा कळलं की या लेखातलं बाकी सगळं आपसूक उलगडतं.

आपला पिनकोड घ्या. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. पहिला अंक ४ असला की पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड या पट्ट्यात जायचं. ४१५ म्हटलं की सातारा, आणि ४१५००१ म्हटलं की तिथलं एक ठरावीक टपाल कार्यालय. आता अशी कल्पना करा, की टपाल निवडणाऱ्यासमोर तीन पिशव्या आहेत. एकीवर लिहिलंय 'बाकी सगळं', दुसरीवर '४१५ ने सुरू होणारं', तिसरीवर '४१५००१'. ४१५००१ चं पत्र तिन्ही पिशव्यांत बसतं, पण ते तिसरीतच पडणार, कारण तिच्यावरचा पत्ता सर्वांत नेमका आहे.

संगणकाचा रस्ता ठरतो तो अगदी असाच. आयपी पत्ता चार आकड्यांचा असतो, उदाहरणार्थ `192.168.1.20`. त्यामागची तिरकी रेघ आणि आकडा हे सांगतात, की पत्त्याचा डावीकडून किती भाग जुळायला हवा. `/24` म्हणजे पहिले तीन आकडे जुळले पाहिजेत, शेवटचा कोणताही चालेल. अशा गटात २५६ पत्ते बसतात. `/32` म्हणजे चारही आकडे जुळले पाहिजेत, अर्थात एकच यंत्र. आणि `/0` म्हणजे काहीच जुळायला नको, ही झाली 'बाकी सगळं'ची पिशवी. लॅपटॉपकडे अशा पिशव्यांची यादी असते, तिला राउटिंग टेबल म्हणतात. प्रत्येक पाकिटासाठी सर्वांत नेमकी पिशवी जिंकते.

या नियमाने पाहिलं तर `0.0.0.0/0` असतानाही ताईंचा प्रिंटर चालायला हवा होता. त्यांच्या घरचं जाळं `192.168.0.0/24` होतं आणि प्रिंटर त्याच गटातला. ही पिशवी `/0` पेक्षा कितीतरी नेमकी आहे. तरीही चालत नव्हता, कारण विंडोजवरच्या वायरगार्डमध्ये `/0` लिहिलं की 'Block untunneled traffic (kill-switch)' ही खूण लागू होते. ती चालू असताना बोगद्याबाहेरून जाणारी जवळपास प्रत्येक गोष्ट विंडोजची फायरवॉल अडवते, मग ती तीन फुटांवरच्या प्रिंटरकडे का जात असेना. परक्या वाय-फायवर, सगळी वाहतूक झाकायची असते तेव्हा ही खूण मोलाची आहे. ताईंच्या टेबलावर तिचा फक्त जाच होत होता.

मग फाइल बदलायला घेतली. आधी कागदावर एकच प्रश्न लिहिला: ताईंना ऑफिसातलं नेमकं काय लागतं? टॅलीचा सर्व्हर `192.168.1.20`, आणि फायलींचा सर्व्हर `192.168.1.10`. हाच दुसरा सर्व्हर ऑफिसातल्या यंत्रांची नावंही सांगतो. दोन्ही ऑफिसच्या `192.168.1.0/24` या गटातले. व्हीपीएनचं स्वतःचं जाळं `10.77.0.0/24`. बस, एवढंच. नवी फाइल अशी झाली. किल्ल्या आणि ऑफिसचा खरा पत्ता इथे अर्थातच दिलेला नाही:

```
[Interface]
PrivateKey = (लॅपटॉपची खासगी किल्ली)
Address = 10.77.0.12/32

[Peer]
PublicKey = (सर्व्हरची जाहीर किल्ली)
Endpoint = vpn.example.com:51820
AllowedIPs = 192.168.1.0/24, 10.77.0.0/24
PersistentKeepalive = 25
```

वायरगार्डच्या खिडकीत बोगद्याचं नाव निवडायचं, 'Edit' दाबायचं, `AllowedIPs` ची ओळ बदलायची, 'Save' करायचं आणि पुन्हा 'Activate'. वायरगार्ड ही ओळ वाचून राउटिंग टेबलात तेवढ्या दोनच पिशव्या टांगतो. 'बाकी सगळं'ची पिशवी घरच्या राउटरकडे होती तशीच राहते. `/0` गेल्यामुळे ती अडवणारी खूणही गळून पडते. ताईंनी त्याच क्षणी एक व्हाउचर छापून पाहिलं. टॅली उघडं, प्रिंटर चालू.

`PersistentKeepalive` ची ओळ दर २५ सेकंदांनी एक छोटं पाकीट पाठवत राहते. त्यामुळे घरचा राउटर मधली वाट विसरत नाही. ती राहू द्यावी.

इथवर काम दहा मिनिटांचं. बहुतेक जण इथेच थांबतात, आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो. आम्हालाही आला. टॅली चालत होतं, कारण ते आकड्यांच्या पत्त्याने जोडलेलं होतं. पण `\\files.office.internal` हे फायलींचं फोल्डर उघडेना. "नावच सापडत नाही म्हणतंय," ताई म्हणाल्या.

नाव सापडत नव्हतं, कारण नाव विचारलं जात होतं चुकीच्या माणसाला. कोणतंही नाव टाइप केलं की लॅपटॉप आधी डीएनएस सर्व्हरकडून त्याचा आकडी पत्ता मागतो. जुन्या फाइलीत `DNS = 192.168.1.10` अशी ओळ होती, म्हणजे सगळी चौकशी ऑफिसात. नव्या फाइलीत मी ती काढली होती, म्हणून आता सगळी चौकशी घरच्या राउटरकडे. त्या बिचाऱ्याला आमच्या ऑफिसातल्या यंत्राचं नाव कुठून माहीत असणार?

ती ओळ परत घातली असती तर फोल्डर उघडलं असतं, पण अर्धवट काम झालं असतं. बाकीचं ब्राउझिंग घरच्या लाइनवरून गेलं, तरी ताईंनी कोणती साइट उघडली त्या प्रत्येक नावाची चौकशी ऑफिसच्या सर्व्हरवर येत राहिली असती. दवाखान्याची साइट, मुलीच्या शाळेची साइट, सगळ्यांची नावं. ते ऑफिसला कळण्याचं काही कारण नाही. शिवाय बोगदा मंदावला की घरचं ब्राउझिंगही अडखळलं असतं. वाहतूक वेगळी केली तशी चौकशीही वेगळी करायला हवी, आणि विंडोजमध्ये त्याची सोय आहे. पॉवरशेल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचं आणि एकदाच हा हुकूम द्यायचा:

```
Add-DnsClientNrptRule -Namespace ".office.internal" -NameServers "192.168.1.10"
```

अर्थ सरळ आहे. ज्या नावाच्या शेवटी `.office.internal` असेल ते `192.168.1.10` ला विचार, इतर सगळी नावं नेहमीप्रमाणे घरी. हा डीएनएस सर्व्हर `AllowedIPs` च्या गटात असायलाच हवा, नाहीतर त्याच्यापर्यंत चौकशी पोहोचणारच नाही. सुरुवातीचा टिंबही विसरू नये. तो असला तरच त्या शेपटाची सगळी नावं या नियमात येतात.

इथे तपासताना फसायला होतं. सवयीने आपण `nslookup` चालवतो आणि तो सांगतो, नाव सापडलं नाही. मग माणूस नियम पुसून पुन्हा लिहीत बसतो. खरं म्हणजे `nslookup` हा विंडोजच्या या नियमांकडे पाहतच नाही, तो थेट नेहमीच्या सर्व्हरला विचारतो. तपासायचं तर हे वापरावं:

```
Resolve-DnsName files.office.internal
```

आकडी पत्ता आला की काम झालं. ताईंचं फोल्डर उघडलं.

काय कुठून जातंय याची खात्री करायची तर अंदाजावर राहू नये. मी ताईंना फोनवरच दोन गोष्टी करायला लावल्या. वायरगार्डच्या खिडकीत 'Transfer' अशी एक ओळ असते. बोगद्यातून किती आलं आणि किती गेलं याचा आकडा तिथे सतत दिसतो. आधी यूट्यूबवर एक व्हिडिओ लावायला सांगितला. आकडा जवळपास जागचा हलेना, म्हणजे व्हिडिओ बाहेरून चालला होता. मग ऑफिसच्या फोल्डरमधली एक मोठी एक्सेल फाइल डेस्कटॉपवर ओढायला सांगितली. आकडा भराभर वर चढला. या दोन कृतींनी जे कळतं ते कोणत्याही सेटिंगच्या पानावरून कळत नाही. एखाद्या पत्त्याबद्दल शंका असेल तर पॉवरशेलला थेट विचारता येतं:

```
Find-NetRoute -RemoteIPAddress 192.168.1.20
```

उत्तरात 'InterfaceAlias' समोर बोगद्याचं नाव दिसलं तर पाकीट बोगद्यातून जाणार, 'Wi-Fi' दिसलं तर बाहेरून.

त्याच खिडकीतली आणखी एक ओळ लक्षात ठेवण्यासारखी आहे, 'Latest handshake'. पूर्ण बोगदा असताना तो तुटला तर सगळं इंटरनेटच बंद पडतं आणि लगेच कळतं. फाटा काढलेला असताना तसं होत नाही. बातम्या चालतात, कॉल चालतो, आणि वायरगार्डवर 'Active' ही हिरवी खूणही दिसत राहते, कारण ती फक्त 'मी सुरू आहे' एवढंच सांगते, पलीकडे कोणी आहे की नाही ते सांगत नाही. ते सांगतो हा हँडशेक. बोगदा जिवंत असेल तर तो साधारण दर दोन मिनिटांनी नव्याने होतो. तिथे तीन मिनिटांपेक्षा जुनी वेळ दिसली तर टॅलीवाल्यांना फोन करण्याऐवजी मला करा, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं आहे.

या पद्धतीची एक मर्यादा लवकरच समोर आली. आमच्या हिशेबाच्या कामाची एक बाहेरची साइट आहे. ती फक्त ऑफिसच्या सार्वजनिक पत्त्यावरून उघडते, बाकी कुठून गेलं की नकार देते. पूर्ण बोगद्यात ती आपोआप चालत होती, कारण ताई जगाला पुण्याहून आल्यासारख्या दिसत होत्या. आता त्या साताऱ्याहून दिसू लागल्या आणि साइटने दार लावलं. उपाय हा, की त्या साइटचा आकडी पत्ता `/32` लावून `AllowedIPs` मध्ये घालायचा आणि ऑफिसच्या टोकाला त्याला बाहेर जाऊ द्यायचं. त्या साइटचा पत्ता एकच आणि कायमचा होता म्हणून हे जमलं. वायरगार्डला इथे साइटचं नाव देता येत नाही, आकडाच लागतो. मोठ्या क्लाउड सेवांचे पत्ते शेकड्यांनी असतात आणि न सांगता बदलतात. त्यांच्या मागे या यादीने धावता येत नाही. तिथे त्या सेवेकडूनच पत्त्याऐवजी दुहेरी पडताळणीची अट मागून घेणं शहाणपणाचं.

सुरक्षेचा प्रश्न खरा आहे, आणि तो मी झटकून टाकणार नाही. पूर्ण बोगद्यात ताईंचं ब्राउझिंगही ऑफिसच्या फायरवॉलमधून गाळून जायचं. आता तो लॅपटॉप एका पायाने ऑफिसात आणि एका पायाने उघड्या इंटरनेटवर उभा आहे. बाहेरून त्यात काही शिरलं, तर त्याला आत जायची वाट तयार आहे. म्हणूनच अमेरिकेच्या निस्ट या संस्थेच्या सुरक्षा नियमावलीत स्प्लिट टनेलिंग मुळात रोखावं असं म्हटलं आहे, आणि ठरवून, नीट बंदोबस्त करून दिलं असेल तरच मुभा ठेवली आहे. बँकेसारख्या ठिकाणी मीही पूर्ण बोगदाच ठेवेन. आमच्याकडे मी ते दिलं ते तीन गोष्टी करून. लॅपटॉप ऑफिसचेच आणि त्यांची देखरेख आमच्याकडे. वायरगार्डची फाइल बदलण्याचा अधिकार वापरणाऱ्याकडे नाही. आणि ऑफिसच्या टोकाला फायरवॉलचा असा नियम, की ताईंच्या `10.77.0.12` वरून फक्त टॅली आणि फायलींच्या सर्व्हरपर्यंत पोहोचता येईल, कॅमेरे किंवा हजेरीच्या यंत्रापर्यंत नाही.

हा शेवटचा नियम सर्व्हरच्या बाजूला असणं अत्यावश्यक आहे. लॅपटॉपवरची `AllowedIPs` ची ओळ रस्ता दाखवते, ती राखण करत नाही. लॅपटॉपवर उद्या कोणी ती बदलली तर पलीकडून वायरगार्ड त्याला अडवणार नाही. ओपनव्हीपीएनमध्ये रस्त्यांची यादी सर्व्हरकडून ढकलता येते, म्हणून ती एका जागी सांभाळणं सोपं जातं. पण राखणदार तिथेही फायरवॉलच.

नेमकी पिशवी जिंकते हा नियम हल्लेखोरालाही माहीत असतो. मे २०२४ मध्ये टनेलव्हिजन नावाने एक उणीव जाहीर झाली. वाय-फायला जोडलं की राउटर लॅपटॉपला पत्ता देतो, आणि त्याच वेळी 'अमुक पत्त्यासाठी या वाटेने जा' असेही रस्ते देऊ शकतो. ही सोय २००२ पासूनची आहे. एखाद्या हॉटेलातल्या बनावट राउटरने `192.168.1.20/32` साठी स्वतःकडचा रस्ता दिला, तर तो आमच्या `/24` पेक्षा नेमका ठरतो. मग टॅलीची पाकिटं बोगद्यात न शिरताच त्याच्या हाती जातात. फाटा काढलेल्या बोगद्यात ती अडवणारी खूणही नसते. म्हणून आमच्याकडे घरून काम म्हणजे घरूनच. प्रवासात असणाऱ्यांसाठी `/0` ची, खूण लावलेली दुसरी फाइल लॅपटॉपवर ठेवली आहे, आणि बाहेर ती निवडायची असं प्रत्येकाला दाखवून दिलं आहे.

प्रत्यक्षात आम्हाला जो फटका बसला तो हल्लेखोराकडून नव्हे, एका नव्या राउटरकडून. महिनाभर सगळं सुरळीत होतं. मग ताईंच्या इंटरनेटवाल्याने जुना राउटर बदलून नवा लावला आणि त्याच संध्याकाळी प्रिंटर पुन्हा गायब झाला. या वेळी टॅली चालत होतं, साइट चालत होत्या, फक्त प्रिंटर 'ऑफलाइन'. व्हीपीएन बंद केला की लगेच छापायचा. प्रिंटरची तार तपासून झाली, शाई तपासून झाली. शेवटी मी ताईंना ब्राउझरमध्ये `192.168.1.1` टाकून नव्या राउटरचं पान उघडायला सांगितलं. त्यांनी पडद्याचा फोटो पाठवला. ते पान आमच्या पुण्याच्या ऑफिसच्या राउटरचं होतं.

तिथे सगळा उलगडा झाला. नव्या राउटरने घरचं जाळंही `192.168.1.0/24` केलं होतं, तंतोतंत आमच्या ऑफिससारखं. आता सारख्याच नावाच्या दोन पिशव्या झाल्या, एक घरची आणि एक बोगद्याची. दोन्ही सारख्याच नेमक्या असल्या की विंडोज मेट्रिक नावाच्या आकड्याने निवड करतं. ज्याचा आकडा लहान तो रस्ता जिंकतो, आणि इथे तो बोगद्याचा होता. प्रिंटर होता `192.168.1.35` वर. छापायला सोडलेलं प्रत्येक व्हाउचर साताऱ्याच्या खोलीतल्या प्रिंटरऐवजी पुण्यातल्या `192.168.1.35` चा दरवाजा ठोठावत होतं.

हा योगायोग नव्हे. खासगी जाळ्यांसाठी १९९६ मध्ये तीन गट राखून ठेवले गेले: `10.0.0.0/8`, `172.16.0.0/12` आणि `192.168.0.0/16`. पहिल्या गटातच एक कोटी सदुसष्ट लाखांहून जास्त पत्ते आहेत. तरीही घरगुती राउटर बनवणारे बहुतेक जण `192.168.0` किंवा `192.168.1` हेच निवडतात. ऑफिसचं जाळं उभं करताना कोणीतरी तेच तसंच राहू दिलं होतं, आणि मी ते कधी बदललं नव्हतं.

त्या रात्रीपुरता इलाज पिनकोडच्या नियमातच होता. पूर्ण गट काढून फक्त दोन यंत्रं लिहायची:

```
AllowedIPs = 192.168.1.10/32, 192.168.1.20/32, 10.77.0.0/24
```

बाहेरच्या त्या साइटचा `/32` होता तसाच पुढे ठेवला. आता `.10` आणि `.20` बोगद्यात, कारण चारही आकडे जुळले. `.35` घरी, कारण त्याच्यासाठी घरचीच पिशवी उरली. घरातल्या दुसऱ्या कशाला `.10` किंवा `.20` मिळालेला नाही, एवढं राउटरच्या यादीत पाहून घेतलं. पण घरून काम करणारी वीस माणसं, कोणाच्या घरी कधी राउटर बदलेल याचा नेम नाही. असं ठिगळ किती ठिकाणी लावणार?

म्हणून पुढच्या शनिवारी रात्री ऑफिसचंच जाळं बदललं. `192.168.1.0/24` चं `10.43.18.0/24` केलं. आकडे मुद्दाम आडवळणाचे घेतले, कारण `10.0.0` आणि `10.1.1` हेही लोकांना आवडतात. सर्व्हर, प्रिंटर, कॅमेरे, हजेरीचं यंत्र, फायरवॉलचे नियम, सगळ्यांचे पत्ते बदलायला पहाटेचे तीन वाजले. वायरगार्डच्या फाइलींत एकच ओळ बदलली आणि रविवारी त्या सगळ्या लॅपटॉपवर चढवल्या.

सोमवारी सकाळी साडेनऊला ताईंचा फोन. टॅली चालतंय, प्रिंटर चालतोय, फायलींचं फोल्डर मात्र नावाने उघडत नाही. मी त्यांच्या लॅपटॉपवर `Get-DnsClientNrptRule` चालवलं. महिन्यापूर्वी लिहिलेला नियम तिथेच होता आणि `.office.internal` ची चौकशी अजून `192.168.1.10` कडे पाठवत होता. जो पत्ता आता ऑफिसात कोणाचाच नव्हता. तो नियम काढला, `10.43.18.10` चा नवा घातला, आणि उरलेल्या एकोणीस लॅपटॉपची यादी काढून बसलो.